मेन पाडा

बेकरीतल्या कणीक मळायच्या यंत्राला लाडात यायची खोड होती. निदान घरात तसंच म्हणायचे. ओला हात त्याच्या लोखंडी अंगाला लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या जायच्या, आणि मग "आलं बघ लाडात!" म्हणून सगळे हसायचे. त्यावर तोडगा म्हणून यंत्रापुढे एक रबरी चटई टाकली होती. चटईवर उभं राहायचं, हात पुसून घ्यायचे, की झालं. तोडगा कसला, रोगावर पांघरूण घातलं होतं. पण रोज काम निघतंय म्हटल्यावर विचारतो कोण?

विचारायची ती एकटी वहिनी. तिचे वडील वायरमन होते, आणि लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी सासरी तिला चिडवायचं झालं की 'वायरमनची लेक' म्हणूनच चिडवायचे. "अहो, त्याची अर्थिंग बघून घ्या एकदा," असं ती नवऱ्याला दर आठवड्याला सांगायची. नवरा, म्हणजे अख्ख्या गल्लीचा दादा, मान डोलवायचा आणि विसरायचा. बरं, दुसऱ्याला हात लावू देईल तर शपथ. पंधरवड्यापूर्वी यंत्राचं भिंतीवरचं बटण जळालं, तेव्हा नवीन बटण त्यानं स्वतःच बसवलं. "दोन वायरी तर जोडायच्या, त्याला माणूस कशाला बोलवायचा?" सुरू केलं की यंत्र सुरू, बंद केलं की बंद. दादाची कॉलर ताठ.

यंत्रावर काम करायचा बारक्या, दादाचा धाकटा भाऊ. नाव बारक्या आणि देह असा की दारातून येताना उजेड अडायचा. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून दादानंच त्याला वाढवला. स्वभावानं दोघे दोन टोकांचे. दादा तापट, बारक्या थंड. पण दादा एखाद्यावर ओरडला की समजायचं, त्याच्यावर त्याचा जीव आहे. बारक्यावर तो दिवसभर ओरडायचा.

त्या दुपारी तेलाचा डबा कलंडला. साबणानं फरशी धुतली, चटईही धुऊन मागच्या अंगणात वाळत घातली. फरशी अजून ओली होती. बारक्याच्या चपला तेलानं माखल्या होत्या, म्हणून तो अनवाणी. संध्याकाळच्या भट्टीला उशीर होत होता. "अरे, चालू कर की ते! मुहूर्त काढतोयस का?" असं दादा ट्रे पुसता पुसता ओरडला, आणि बारक्यानं बटण दाबलं.

वहिनी पुढे गिऱ्हाइकापाशी होती. एक बाई वाढदिवसाच्या केकवर गुलाब हवेत की नकोत यावर बराच वेळ अडून बसल्या होत्या. वहिनी तोंडानं "हो, हो" म्हणत होती आणि कान मागे होते. दिवसभर तिचा जीव कशातच लागत नव्हता. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग मागून एक आवाज आला. ओरडल्याचा नव्हे. घशात घास अडकावा तसा, एकदाच. आणि लगेच दादाची हाक: "बारक्या! ए बारक्या!"

ती धावली.

बारक्या यंत्राला चिकटला होता. दोन्ही हातांची बोटं पातेल्याच्या काठावर आवळलेली, जबडा घट्ट मिटलेला, सबंध अंग थरथरत होतं. फक्त डोळे उघडे होते, आणि ते दादावर खिळले होते. दादानं झेप घेऊन भिंतीवरचं बटण वर केलं. घरघर थांबली, मळायचा हात थांबला.

"केलं बंद!" म्हणत तो भावाकडे वळला.

"थांबा!" वहिनी किंचाळली. "हात लावू नका!"

"अगं, बंद केलंय ना!"

"मग तो सुटला का नाही?"

खरंच, सुटला नव्हता. यंत्र थांबलं होतं पण बारक्याची बोटं तशीच, थरथर तशीच. वीज गेली असती तर तो केव्हाच खाली कोसळला असता. मोटार थांबली म्हणजे वीज गेली असं नसतं, हे वहिनीच्या वडिलांनी घरात इतक्यांदा सांगितलं होतं की लहानपणी तिला त्याचा कंटाळा यायचा. पण दादाला कुठलं कळतंय! त्याच्या डोळ्यांपुढे फक्त भाऊ होता. तो दोन्ही हात पुढे करून त्या ओल्या फरशीवरून निघाला.

भट्टीपाशी दोन फावडी उभी होती, ट्रे आतबाहेर करायची, लांब दांड्याची. एक लोखंडी, एक सगळं लाकडाचं. वहिनीचा हात आधी लोखंडी फावड्याकडे गेला, चटका बसल्यासारखा मागे आला, आणि तिनं लाकडी उचललं. मग ज्या नवऱ्याला तिनं आजवर उलट शब्द बोलताना चारदा विचार केला, त्याच्या छातीत तिनं ते फावडं असं काही हाणलं की तो मागच्या मैद्याच्या पोत्यांवर जाऊन आदळला.

"अगं ए! वेड लागलं का तुला? भाऊ आहे माझा!"

"भाऊ हवाय ना? मग पुढे जा आणि मेन पाडा! त्याला शिवलात तर दोघे जाल. पळा!"

तिचं तोंड बघून की आवाज ऐकून, कोण जाणे, दादा उठला आणि धडपडत पुढे पळाला. केकवाल्या बाई मधल्या दारात उभ्या होत्या. त्यांना जवळजवळ उडवूनच गेला. वहिनीनं ब्रेडचा कोरडा प्लॅस्टिकचा क्रेट पालथा टाकला, त्यावर चढली, आणि फावड्याच्या दांड्यानं बारक्याची मनगटं काठावरून ढकलायला लागली. देवा रे, काय ती पकड! हलेचना. एवढा गडी, रोज तिच्याकडून दोन चहा जास्त मागून घेणारा, आणि ती त्याला लाकडानं ढोसत होती. "सुटा भावजी, सुटा हो," असं ती रडत म्हणत होती, आणि बारक्याचे डोळे आता पांढरे व्हायला लागले होते.

पुढून खटकन आवाज आला. दिवा गेला, पंखा मंदावला, आणि बारक्याची बोटं उलगडली. तो पोत्यांच्या कडेला धाडकन पडला.

"मेन पाडलं!" दादा ओरडत आला आणि भावापासून दोन हातांवर खिळून उभा राहिला.

"आता धरा त्याला! आता चालतं!" वहिनी म्हणाली.

दादाचे हात पुढे येईनात. मघाशी ज्याला फावड्यानं हाकलावं लागलं, तोच माणूस आता "नक्की ना? नक्की ना?" एवढंच पुटपुटत होता. वाट बघायला वेळ नव्हता. वहिनीनं गुडघे टेकले, बारक्याला उताणा केला, खांदे हलवून हाका मारल्या. ओ नाही. नाकाशी गाल नेला, छातीकडे बघितलं. श्वास नाही.

"बाई, अॅम्ब्युलन्सला फोन लावा! शॉक बसलाय, श्वास थांबलाय, असंच सांगा!"

बाईंनी पर्समधून आधी पाण्याची बाटली काढली. "तोंडावर पाणी मारू का?"

"पाणी नको! फोन!"

वहिनीनं छातीच्या मधोमध तळहात ठेवला, त्यावर दुसरा, कोपरं ताठ केली आणि दाबायला लागली. जोरात, भराभर. तिच्या वजनाचा त्या धिप्पाड देहावर काय जोर चालणार, असं तिचं तिलाच वाटत होतं, तरी ती थांबली नाही. दम लागला तशी ओरडली, "अहो, या इकडे! माझे हात भरून आले!" तेव्हा कुठे दादा गुडघ्यांवर आला. ती सांगेल तसा दाबत राहिला, आणि दर दाबाला एकेक शिवी देत राहिला. "ऊठ रे, आळशा! ऊठ, नालायका!"

आणि तो नालायक खोकला. मग एक लांब, घरघरता श्वास, मग दुसरा. वहिनीनं त्याला कुशीवर वळवलं आणि स्वतः भिंतीला टेकून हुंदके देत बसली.

बारक्या शुद्धीवर येताच "मी बरा आहे, भट्टी लावा" म्हणाला. दवाखान्यात डॉक्टरांनी मात्र ऐकलं नाही. तळव्यांवर भाजल्याचे छोटे पांढरे डाग होते, पण आतून काय झालंय ते बाहेरून दिसत नाही, शॉक बसलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके नंतरही चुकू शकतात, असं सांगून त्यांनी त्याला यंत्रं लावून ठेवून घेतलं.

बेकरीवर वायरमन येऊन गेला होता. त्याचा फोन आला तेव्हा दादा वॉर्डाबाहेरच्या बाकावर होता. त्यानं ऐकून घेतलं आणि फोन मांडीवर ठेवला. नव्या बटणाला दादानं उलटी वायर जोडली होती, वीज आणणारी सोडून परत नेणारी. बटण बंद केलं की मोटार थांबायची, पण वीज आत तशीच यायची, आणि अर्थिंगची वायर तर कधीच सुटून पडलेली. यंत्राचं अंग बटण बंद असतानाही जिवंत होतं.

वहिनीला वाटलं, आता तरी हा माणूस रडेल. तो रडला नाही. तिच्याकडे न बघता म्हणाला, "ते माझंच पाप, मान्य. पण तो माझ्याकडे बघत होता गं. त्याचे डोळे बघितलेस? बोलवत होता मला. लहानपणी विहिरीत पाय घसरला तेव्हा असाच बघत होता, आणि तेव्हा मी उडी मारली होती. आज तू मला मारून मागे ढकललंस. आता आत जाऊन काय तोंड दाखवू त्याला?"

आपण केलं ते बरोबर केलं हे वहिनीला ठाऊक होतं, पण बरोबर असून काय उपयोग? जन्मभर हा माणूस 'मी भावाला हात दिला नाही' असंच म्हणत बसणार. ती उठली, बसली, पाण्याच्या नळापर्यंत जाऊन तशीच परत आली. नर्स येऊन म्हणाली, "पेशंट भावाला बोलवतोय." तरी दादा उठेना. शेवटी वहिनीनं दंडाला धरून आत नेला.

बारक्या उशीला टेकून बसला होता. दोन्ही हातांना पट्ट्या, छातीला वायरी. दादा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि चादरीकडे बघत म्हणाला, "चुकलं माझं. तू बोलवत होतास आणि मी आलो नाही."

"बोलवत होतो?" बारक्याचा घसा बसला होता, शब्द ओढून काढावा लागत होता. "वेडा आहेस का रे? सगळं कळत होतं मला, नुसती जीभ हलत नव्हती. तू हात पसरून येताना दिसलास. डोळ्यांनी जीव तोडून सांगत होतो तुला, की दादा, येऊ नकोस. येऊ नकोस. हा शिवला की गेला, एवढंच डोक्यात होतं." तो दम खायला थांबला. "मग वहिनीनं तुला हाणलं. तेव्हा जरा बरं वाटलं मला."

दादा पलंगाच्या कडेवर बसला, पट्ट्यांच्या वर जिथे मोकळं मनगट होतं तिथे त्यानं भावाला घट्ट धरलं, आणि नर्स दोनदा "आता बाहेर या" म्हणाली तरी त्यानं ते सोडलं नाही.