टाका सुटतो

ऐन कामाच्या गर्दीत शिंपीणबाईंच्या मशीनने टाके सोडायला सुरुवात केली. ते कसं दुरुस्त करायचं याचा व्हिडिओ त्यांनी मागे पाहिला होता, पण आता तो काही केल्या सापडेना. लाइक केलेल्यांत नातवाचे नाच, सेव्ह केलेल्यांत नुसत्या गळ्यांच्या डिझाइन्स आणि हिस्ट्रीत तर पत्ताच नाही.

“स्वप्नात पाहिला असशील,” नवरा पेपरामागून म्हणाला.

बाईंचं डोकं सटकलं आणि त्याच क्षणी चाललंही. त्या दिवशी त्यांचा फोन चार्जिंगला होता. व्हिडिओ पाहिला होता नवऱ्याच्या फोनवर!

“आणा तुमचा फोन इकडे.”

“माझ्यात कसला आलाय शिवणाचा व्हिडिओ?” म्हणत त्याने नाइलाजाने दिला.

बाईंनी त्याची हिस्ट्री खाली सरकवली, मध्येच थबकल्या, गालात हसल्या. मग हिस्ट्रीतच ‘मशीन’ शोधलं, तर पाण्याच्या पंपापासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळं आलं. शेवटी दुरुस्तीवाला म्हणेल तेच शब्द त्यांनी लिहिले: ‘टाका सुटतो’. पहिलाच तो!

सुई वर येऊ लागली की खालच्या, धागा पकडणाऱ्या हुकाचं टोक तिच्या नेढ्यामागे यायला हवं होतं, ते उशिरा येत होतं. बाईंनी स्क्रू सैल करून हुक जागेवर आणला, पुन्हा घट्ट केला. मशीन सरसर धावली.

“घ्या, स्वप्नातला व्हिडिओ!” फोन परत देत त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही घोरत नाही ना? मग ते ‘घोरणं थांबवण्याचे उपाय’ रोज कोणासाठी बघता?”

पेपर पुन्हा वर गेला, या वेळी उलटा.