एका छपराचे दोन परिचय

गावाच्या वाचनालयाची नवी इमारत जांभ्या दगडात बांधायची, हे ठरवायला गावाने नऊ वर्षं घेतली आणि ती कोणी बांधायची हे ठरवायला पंधरा दिवस ठेवले. पैसे मुंबईची एक कंपनी देणार होती. वास्तुविशारदाने आपला परिचय शंभरेक शब्दांत मराठीत आणि इंग्रजीत द्यायचा होता. मराठी गाव वाचणार, इंग्रजी कंपनी वाचणार. दोघांचा होकार आला तर काम.

नम्रता सुर्वेला हे काम हवं होतं. रत्नागिरीत ऑफिस थाटून पाच वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात तिने असंख्य कंपाउंडच्या भिंती, बरेच गच्चीवरचे पत्रे आणि दोन घरं उभी केली होती.

इंग्रजी परिचय तिच्या वेबसाइटवर तयारच होता. त्याचंच तिने मराठी केलं: ‘नम्रता सुर्वे या पर्यावरणपूरक अवकाशनिर्मितीची उत्कट आस असलेल्या वास्तुविशारद आहेत.’ वाचनालयाचे अध्यक्ष रावजी यांनी हे बैठकीत मोठ्याने वाचायला घेतलं, दुसऱ्या वाक्याला पाणी मागवलं, आणि तिसऱ्याऐवजी फोन लावला.

“बाय, हे कोणी लिहिलं?”

“मीच, काका.”

“स्वतःला ‘या’ म्हणतेस. वाढदिवसाच्या बॅनरवर असं असतं, पण तिथे निदान फोटो असतो.” मग ते जरा मवाळ झाले. “आस राहू दे. तू बांधलेलं एक घर सांग. कोणाचं, कुठे, आणि त्याने किती पावसाळे काढले.”

नम्रताने इंग्रजी मजकूर बाजूला सारला आणि रावजी समोर बसलेत असं समजून लिहिलं: ‘मी नम्रता सुर्वे. पावस गावात धाकू मयेकरांचं जांभ्याचं घर मी बांधलं, माझं पहिलंच. पहिल्या पावसात स्वयंपाकघर गळलं, कारण छपराला उतार मी कमी दिला होता. दिवाळीनंतर माझ्या खर्चाने ते छप्पर बदललं. त्यानंतर तीन पावसाळे झाले, घर कोरडं आहे.’ पुढे दुसरं घर आणि शिक्षण, एकेका ओळीत.

वाचनालयाच्या समितीने धाकूंना फोन करून खात्री केली. धाकूंनी गळतीचं वर्णन अर्धा तास केलं आणि शेवटी पोरगी चांगली आहे असं सांगितलं. ठराव एकमताने झाला. बाकीच्या तीन उमेदवारांची घरं कधीच गळली नव्हती, आणि यावर समितीत कोणाचाच विश्वास नव्हता.

आता इंग्रजी. हुरूप येऊन नम्रताने हाच मराठी परिचय बसस्टँडजवळच्या संदेशकडे दिला. संदेशचं डीटीपीचं दुकान होतं आणि त्याचं इंग्रजी कोर्टाच्या कागदांवर वाढलेलं होतं. त्याने शब्दाला शब्द ठेवला, आणि सुरुवातीला ‘खाली सही करणार’ घातलं. कंपनीत हे काम बघणाऱ्या मॅडमनी मेलवर विनयाने विचारलं की ही तक्रार कोणाविरुद्ध आहे.

मग तिने इंग्रजी पहिल्यापासून इंग्रजीतच लिहिलं. तिथे तृतीयपुरुष शोभतो. नाव आणि काम पहिल्याच ओळीत आलं. पावस कुठे आणि धाकू कोण हे तिथे कोणाला माहीत नव्हतं, म्हणून त्यांच्या जागी कोकण किनारा आणि वर्षाचा पाऊस किती, हे आलं. उत्कट आस गेली. गळतीही गेली. मॅडमना परिचय फार आवडला.

कंपनीत मात्र कागद जुळवणारा एक विभाग होता आणि तिथे एक मराठी माणूस होता. वाक्यं वेगळी आहेत याला त्याची हरकत नव्हती. मराठीत छप्पर गळतं आणि इंग्रजीत गळत नाही, याला होती. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडची माहिती एक करा, असं त्याने कळवलं.

संदेश म्हणाला, मराठीतली ओळ काढून टाक, गावाचा होकार तर झालाच आहे. सल्ला व्यवहारी होता. तिने फाइल उघडून ती ओळ निवडलीसुद्धा. पण ती ओळ गेल्यावर परिचयात उरणारी बाई बाकीच्या तिघांसारखीच दिसत होती.

तिने मराठी तसंच ठेवलं आणि इंग्रजीत भर घातली: ‘हर फर्स्ट रूफ लीक्ड. शी रिप्लेस्ड इट अ‍ॅट हर ओन कॉस्ट. इट हॅज बीन ड्राय फॉर थ्री मॉन्सून्स.’ पाठवलं, आणि एका कंपाउंडच्या भिंतीचं काम बघायला गेली.

चार दिवसांनी पत्र आलं. काम तिला मिळालं होतं. करारात एक जादा कलम होतं: छपराचा उतार कंपनीचा इंजिनियर तपासेल.

रावजींना हे सांगायला ती गेली.

“इंग्रजीत काय लिहिलंस?” त्यांनी विचारलं.

“वेगळं लिहिलं, काका. पण तेच.”

“गळलेलं पण?”

“गळलेलं पण.”

रावजींनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे आता मुंबईलाही कळलं,” ते म्हणाले. “उतार जपून दे हो, बाय.”