अंगठ्याखालची ओळ

हिरामण आला तेव्हा मी दार उघडलं, हेच मोठं झालं. कारण मागच्या शुक्रवारी तो नेहमीप्रमाणे पैसे न्यायला आला होता आणि मी आतूनच ओरडले होते, "घरी कोणी नाही!" घरी कोणी नसताना ते कोण सांगतंय, हे त्याने विचारलं नाही. निमूट जिना उतरून गेला.

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर आम्ही तीस वर्षं राहतो. मी एमआयडीसीतल्या कंपनीत अकाउंट्सला होते, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. हिरामण उल्हासनगरच्या एका पतसंस्थेचा वसुली एजंट. सोमवारी तिकडच्या बाजारात, शुक्रवारी आमच्याकडे, असा त्याचा वार ठरलेला. माझे आठवड्याचे बचतीचे पाचशे त्याने एकोणीस वर्षं न चुकता नेले. आणि मग आमच्या जिन्यावर बातमी आली की हिरामणने भाजीवाल्या सखूबाईंचे आठ हजार खाल्ले. मी तोंडाने म्हटलं, "छे, शक्यच नाही," आणि शुक्रवारी दार उघडलं नाही. माझा स्वभाव तिखट आहे असं लोक म्हणतात. भित्राही आहे, ते मला तेव्हा कळलं.

"ताई, उद्या अकराला कमिटी हाय," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "मला काढनार. पोलिसातपन देनार म्हनतात. तुमी एकदा बगा ना. तुमाला हिसाब वाचता येतो."

"आत ये आधी. उंबऱ्यात काय उभा राहतोस पाहुण्यासारखा?"

त्याने दोन कागद काढले. एक होती पतसंस्थेतल्या विनीतने टाइप केलेली यादी आणि दुसरा एका फोटोचा प्रिंट. खरा फोटो त्याच्या फोनवर होता.

भानगड अशी होती. संस्थेत नवं सॉफ्टवेअर आलं, म्हणून जुनी पासबुकं जमा करून नवी दिली. नव्या पुस्तकातली शिल्लक सखूबाईंना कमी वाटली. जुनं पुस्तक पाहावं तर ते कुठल्या गठ्ठ्यात गेलं ते सापडेना. मात्र सखूबाईंचा नातू सोनू याने एप्रिलमध्ये त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानाचा फोटो काढून ठेवला होता. विनीतने फोटोवरून यादी केली, ती कॉम्प्युटरच्या खात्याशी ताडून पाहिली, आणि यादीत चार भरणे जास्त निघाले. दोन हजारांचे चार. पुस्तकात आहेत आणि खात्यात नाहीत, म्हणजे एजंटने कशी का होईना पुस्तकात नोंद करून घेतली आणि पैसे भरले नाहीत, असा सरळ हिशोब झाला.

"तू भरलेस का?" मी विचारलं.

"जे घेतलं ते भरलं. नाय घेतलं ते कसं भरू?"

त्याच्या डोळ्यांकडे बघवेना, म्हणून मी फोटो लॅपटॉपवर घेतला.

फोटो कसला, पोराने उभ्या उभ्या काढलेला. पान वाकडं, उजव्या कोपऱ्यात सोनूचा अंगठा, आणि शेवटच्या ओळीची शिल्लक बरोबर त्या अंगठ्याखाली. वरच्या ओळी प्रिंटरच्या, ठीक दिसत होत्या. तीस जानेवारी २०२३, शिल्लक १८,५००. मग निळ्या शाईत हाताने लिहिलेल्या चार ओळी: सहा, तेरा, वीस आणि सत्तावीस फेब्रुवारी, दर वेळी दोन हजार, पुढे कारकुनाची बारीक सही. शिल्लक चढत २६,५०० पर्यंत. त्याखाली पुन्हा प्रिंटरच्या चार ओळी, पण इतक्या फिक्या की जणू कागदावर कोणी राखाडी धूळ टाकून फुंकर मारली असावी.

"मधेच हाताने का लिहिलं?"

"प्रिंटर बिगडला व्हता महिनाभर. कारकून भगवंतराव हातानं लिवायचे. आता ते रिटायर झाले, गावाला गेले."

विनीतच्या यादीत त्या फिक्या चार ओळी मार्चच्या होत्या. सहा, तेरा, वीस, सत्तावीस मार्च; शिल्लक २८,५००, ३०,५००, ३२,५००, ३४,५००. मी कॅलेंडर काढलं. त्या वर्षी फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, त्यामुळे मार्चमधले सोमवारही त्याच तारखांना. यादी अगदी चोख बसत होती.

पण एक गोष्ट खटकत होती. अंगठ्याखालची शिल्लक विनीतला दिसली कशी? त्याच्या यादीत तिथेही ३४,५०० असा आकडा ठळक छापलेला होता. म्हणजे या पोराने निदान एक आकडा वाचला नव्हता, बेरीज करून बसवला होता. आमच्या ऑफिसात असं कोणी केलं असतं तर मी त्याला दिवसभर उभं केलं असतं. वाचता येत नसेल तर 'वाचता येत नाही' असं लिहावं, त्यात कसली लाज?

मी नवी यादी सुरू केली. ओळ क्रमांक, तारीख, छापील की हाताची, जमा, शिल्लक. जे दिसेल तेच लिहायचं. फोटो काळा-पांढरा केला, गडद केला आणि एकेक आकडा स्क्रीनभर मोठा केला. तेव्हा लक्षात आलं की सगळे आकडे सारखे फिके नाहीत. असले प्रिंटर सुयांनी ठिपके ठोकून छापतात; याच्या वरच्या सुया नीट ठोकत नसाव्यात. प्रत्येक आकड्याचं डोकं गायब होतं, पण खालचा अर्धा भाग ठिपक्याठिपक्यांनी शिल्लक होता.

पहिल्या ओळीची शिल्लक बघितली. खाली सपाट असलेला दोन, मग गोल बुडाचा एक आकडा, मग पाचशे. गोल बूड आठाचं असतं. अठ्ठावीस हजार पाचशे. विनीत बरोबर होता.

हिरामण माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला, आणि मला स्वतःचा भयंकर राग आला. आठाचं बूड गोल असतं हे खरं, पण शून्याचं काय चौकोनी असतं? डोकं नसलेला आठ आणि डोकं नसलेला शून्य यात फरक तो काय? ती शिल्लक २०,५०० सुद्धा असू शकत होती.

मग मी दुसऱ्या ओळीवर गेले. विनीत म्हणतो ३०,५००. तिनाचं बूड गोल असतं, शून्याचंही गोल. इथे दोन्ही आकड्यांखाली पाच-पाच ठिपक्यांची सरळ रेघ होती. सपाट आणि सपाट. दोन आणि दोन. २२,५००!

"हिरामण, इकडे ये."

तिसरी ओळ. विनीत म्हणतो ३२,५००. मला दिसत होता सपाट बुडाचा दोन आणि त्यापुढे एका आडव्या रेघेतून खाली उतरलेला एकच पाय. एका पायावर उभा राहणारा आकडा चार. २४,५००. मग तारखेतला महिना बघितला. तिथेही चारही ओळींत बूड सपाट. तीन नव्हे, दोन. मार्च नव्हेच, फेब्रुवारी.

"म्हंजे?" हिरामणने विचारलं.

"म्हणजे हे तेच चार भरणे आहेत, दुसरे नाहीत! प्रिंटर बंद होता तेव्हा भगवंतरावांनी हाताने लिहिले. पण मशीनला त्याचं काय कळणार? त्याच्या हिशोबी शेवटची छापलेली ओळ तीस जानेवारीची. दुरुस्त होऊन आल्यावर त्याने तिथून पुढचं सगळं छापलं, तेच चार पुन्हा. खाली हाताच्या ओळी आहेत, त्या खोडायला हव्यात, हे कोणाच्या लक्षात आलं नाही."

हिरामण खाली बसला. खुर्ची असताना जमिनीवरच बसला आणि गमछ्यात तोंड घालून रडला. मला पण रडू आलं, म्हणून मी चहा ठेवायला उठले. एवढं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहालाच आम्ही पतसंस्थेत गेलो. हिरामणने सखूबाईंनाही बोलावून घेतलं होतं. विनीत पंचविशीचा, चांगला मुलगा आहे, पण घाईचा.

"मॅडम, फोटो वाचायच्या अ‍ॅपने जितना पढा उतना घेतलं," तो म्हणाला. "बाकीचं कॅल्क्युलेट केलं. पहिली ओळ झूम करून चेक केली ना मी! अठ्ठावीसच दिसत होती."

"आणि दुसरी?"

मी दुसरी ओळ दाखवली, मग तिसरी. चौथ्या ओळीसमोर माझ्या यादीत 'अंगठ्याखाली, वाचता येत नाही' असं लिहिलं होतं. तिथे तो थांबला. कॉम्प्युटरवर खातं उघडून त्याने माझ्या यादीशी ओळ न् ओळ लावली. हाताच्या चार वगळल्या तर सगळं जुळत होतं, पैशाचाही फरक नव्हता.

"आणि मार्चमध्ये मी हितं व्हतेच कुठं?" सखूबाई म्हणाल्या. "शिमग्याला गावाला गेले ती महिन्यानं आले. माळावर पालखी नाचवली आमी. मी कुनाला पैशे देनार?"

"आजी, हे आधी का नाही सांगितलं?" विनीत ओरडलाच.

"तू इचारलंस कधी?"

सगळे हसले, अगदी चेअरमनसाहेबसुद्धा. ते तेवढ्यात आले होते. त्यांनी दोन्ही याद्या वाचल्या आणि विनीतची टराटरा फाडली. सखूबाईंनी हिरामणचा हात धरला. "माजंच चुकलं रं बाबा," एवढंच म्हणाल्या. विनीतनेही माफी मागितली, आणि नुसती तोंडदेखली नव्हे. माझ्या यादीचा फोटो काढून घेतला, म्हणाला, पुढच्या अशाच करीन.

निघताना मला आठवलं की माझं स्वतःचं पुस्तक पर्समध्येच आहे. माझ्या ठेवीचा एक हप्ता चुकला की दंड बसतो, आणि मागच्या शुक्रवारचा तर मीच दार न उघडून चुकवला होता. दंड भरून टाकावा म्हणून मी पुस्तक विनीतला दिलं. नव्या प्रिंटरने करकर करत चार-पाच ओळी छापल्या.

नवी शाई, ठसठशीत काळी. वाचायला डोळे ताणावे लागले नाहीत. शेवटची ओळ होती बारा मे, शुक्रवार, जमा पाचशे.

मी पुन्हा वाचली. त्या शुक्रवारी मी आतून ओरडले होते की घरी कोणी नाही.

हिरामण दाराशी चपला घालत होता. मी पुस्तक त्याच्यासमोर धरलं. तो ओशाळला, चोरी पकडल्यासारखा.

"दंड लागला असता, ताई," तो म्हणाला. "एकोनीस वर्सं एक हप्ता चुकला नाय तुमचा. मला वाटलं, आसंल काय अडचन."

मी पर्समधून पाचशेची नोट काढली. "घरी होते मी, हिरामण," मी म्हटलं.

"ठाव हाय," तो म्हणाला, आणि नोट घेऊन खिशात ठेवली. "शुक्कारी येतो."