तळघराच्या दुकानाचा अंदाज

ज्ञानदेव वानखेडे यांनी हवामान खात्यात तीस-एक वर्षं काढली. रोजचा अंदाज लिहिणाऱ्यांपैकी ते एक. निवृत्त झाल्यावर सकाळी उठून आकाशाकडे बघायची सवय तेवढी उरली होती, पण कुणी विचारल्याशिवाय ते पावसाविषयी बोलत नसत. विचारलं तरी दोन शब्दांत आटपत.

त्यामुळे अक्षता वही घेऊन घरी आली आणि म्हणाली, "मोठे आजोबा, मला परिपाठात भाषण करायचंय, तुम्ही लिहून द्या," तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसायला घेतला.

"विषय काय?"

"पूर आणि वादळात अचूक अंदाजामुळे जीव कसे वाचतात. नंदाबाईंनी मुद्दाम मला दिला. म्हणाल्या, तुझ्या घरातच तज्ज्ञ आहेत."

अक्षता ही त्यांच्या धाकट्या भावाची, संभाजीची नात. सातवीत होती. संभाजी गेला तेव्हा ती बालवाडीत होती, त्यामुळे आजोबा म्हणजे तिच्यासाठी भिंतीवरचा हार घातलेला फोटो. ते कात्रजच्या पावसात गेले एवढं तिला माहीत होतं.

नाही म्हणायला कारण सापडेना. ज्ञानदेवांनी लिहायला घेतलं.

लिहिणं सोपं होतं, कारण सांगण्यासारखं खरंच खूप होतं. एकोणीसशे नव्याण्णव साली ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. चौदा वर्षांनी त्याच किनाऱ्यावर पुन्हा फार मोठं वादळ आलं. ते पहिल्याइतकं जबर नव्हतं, पण ते कुठे आणि साधारण कधी धडकणार हे या वेळी काही दिवस आधीच नीट सांगता आलं होतं. तिथल्या सरकारने दहा लाखांच्या घरात माणसं पक्क्या निवाऱ्यात हलवली. मेलेल्यांचा आकडा काही डझनांवर थांबला. पुराचंही तसंच. वरच्या बाजूला मोठा पाऊस येणार हे आधी कळलं, तर धरणातून थोडं थोडं पाणी आधीच सोडून जागा करता येते. नाही कळलं, तर भरलेल्या धरणाचे दरवाजे एकदम उघडावे लागतात आणि नदीकाठच्यांना सामान उचलायलाही वेळ मिळत नाही.

अक्षता मोठ्याने वाचत होती. मध्येच थांबली.

"'तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस' म्हणजे?"

"म्हणजे सगळीकडे नाही. थोड्याच ठिकाणी."

"पण कुठल्या ठिकाणी?"

"ते आधी सांगता येत नाही. गडगडाटी ढग छोटे असतात. आज दुपारी जिल्ह्यात कुठेतरी जोराचा पडेल एवढं कळतं. नेमका कुठल्या गल्लीत, हे ढग तयार व्हायला लागल्यावर कळतं. तेव्हा हातात दोन-तीन तास असतात, कधी तेवढेही नसतात."

"मग ज्याने ऐकलं त्याने काय करायचं?"

ज्ञानदेवांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. अक्षताला वाटलं, विचार करताहेत. तिने पुढचं वाचायला घेतलं.

संभाजीला पुण्यात त्यांनीच आणलं होतं. अकोल्याकडे काही होत नव्हतं, इथे हडपसर, हिंजवडीला नवनव्या कंपन्या येत होत्या, पोरं अर्ज भरायला, रिझल्ट बघायला, प्रिंट काढायला रांगा लावत होती. संभाजीने कात्रजजवळ ओढ्याच्या कडेला एका इमारतीच्या तळघरात झेरॉक्स आणि इंटरनेटचं दुकान टाकलं. भाडं कमी होतं. जागा बघायला ज्ञानदेव गेले होते. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, ओल लागली, आणि ते म्हणाले, "डिस्टेंपर मार, छान दिसेल."

दुकान चाललं. आनंद, म्हणजे संभाजीचा मुलगा, त्याच दुकानात कॉम्प्युटर शिकला आणि पुढे कंपनीत लागला.

अक्षता बालवाडीत होती त्या वर्षीच्या सप्टेंबरात दोन दिवस रोज पाऊस होत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी कचेरीत संभाजीचा फोन आला.

"दादा, आज काय म्हणतंय तुमचं खातं?"

"शहर आणि परिसरात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह मुसळधार."

"तुरळक म्हणजे माझ्याकडे का शेजाऱ्याकडे?"

"तसं सांगता येत नाही रे."

"मग बरंय. खात्याने सांगितलंय म्हणजे कपडे गच्चीवर घालायला हरकत नाही."

संभाजी हसला. ज्ञानदेवही हसले. हा विनोद ते नोकरीला लागल्यापासून ऐकत होते. लग्नात, दवाखान्यात, बसमध्ये, कुठेही खात्याचं नाव काढलं की कुणीतरी तो करायचंच. चिडायचं सोडून त्यांनी फार वर्षांपूर्वी हसायला सुरुवात केली होती.

त्या वेळी त्यांच्यासमोर उपग्रहाचं ताजं चित्र होतं. दक्षिणेच्या डोंगरांवर ढग उंच चढायला लागले होते. दोन दिवसांच्या पावसाने जमीन पाणी प्यायची थांबली आहे, आता पडेल ते सगळं ओढ्याने धावेल, हेही त्यांना माहीत होतं. आणि भावाचं दुकान कुठे आहे हे त्यांच्याइतकं खात्यात कुणाला माहीत असणार? तिन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या. तिन्ही मिळून एक वाक्य झालं नाही.

संध्याकाळी डोंगरावर कोसळलं. ओढ्यावरची मोरी कचऱ्याने आणि फांद्यांनी तुंबली आणि पाणी रस्त्यावरून इमारतीत शिरलं. संभाजी दुकानातली यंत्रं टेबलावर चढवायला खाली उतरला होता. तळघराचं दार बाहेरच्या बाजूला उघडायचं. बाहेर गुडघ्याच्या वर पाणी चढलं की तसलं दार आतून एकट्या माणसाला ढकलवत नाही. दुसऱ्या दिवशी खात्याच्या नोंदीत अंदाज बरोबर ठरला.

परिपाठाच्या दिवशी अक्षताने हट्टाने दोघांनाही शाळेत नेलं, ज्ञानदेवांना आणि आजीला, म्हणजे संभाजीच्या पत्नी यमुनाबाईंना. मैदान ओलं होतं म्हणून मुलं सभागृहात सतरंज्यांवर बसली होती. प्रार्थना झाली, बातम्या झाल्या. मुख्याध्यापक दत्तप्रसाद जोगळेकर माइकपाशी आले.

"आज आपल्याकडे हवामान खात्यातले निवृत्त अधिकारी आलेत," ते म्हणाले. "म्हणून मी छत्री घरी ठेवून आलो."

मोठी मुलं हसली. मग न कळलेली लहान मुलंही हसली. यमुनाबाई समोर बघत राहिल्या. ज्ञानदेवांच्या चेहऱ्यावर सवयीचं हसू येऊ लागलं होतं, ते तिथेच थांबलं.

अक्षता धीटपणे बोलली. ओडिशा झालं, धरण झालं. आता शेवटचे आभार उरले असं ज्ञानदेवांना वाटलं तेवढ्यात तिने कागद खाली केला.

"हे पुढचं आजीने सांगितलंय," ती म्हणाली. "माझ्या आजोबांचं ओढ्याजवळ दुकान होतं. त्या दिवशी त्यांनी मोठ्या आजोबांना फोन करून विचारलं होतं. मोठ्या आजोबांनी बरोबर सांगितलं होतं. पण आजोबांनी ते हसण्यावारी नेलं. अंदाज अचूक असून भागत नाही, तो ऐकावा पण लागतो. आजोबांनी ऐकलं असतं तर मी त्यांना ओळखत असते."

मग टाळ्या वाजल्या. नंदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. जोगळेकर सर थोडे ओशाळून म्हणाले, "वानखेडेसाहेब, आपण दोन शब्द बोलावेत."

ज्ञानदेव उठले. मुलीने सांगितलं त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी ते खरं नव्हतं. हसणारे दोघं होते. ते सांगावं म्हणून त्यांनी माइक धरला, आणि समोरच्या तीनशे तोंडांकडे बघून त्यांना ते जमलं नाही.

"ओढ्याच्या किंवा नदीच्या कडेला कोण कोण राहतं? हात वर करा," त्यांनी विचारलं.

बरेच हात वर झाले.

"तळमजल्यावर कोण?"

काही हात खाली गेले.

"आता ऐका. आम्ही जेव्हा तुरळक ठिकाणी मुसळधार म्हणतो, तेव्हा ते ठिकाण तुमचंच आहे असं समजून चालायचं. चारपैकी तीनदा तुमच्याकडे काही होणार नाही. तुम्ही म्हणाल, खातं खोटं बोललं. म्हणू द्या. वरच्या मजल्यावरचा माणूस छत्री विसरला तर तो नुसता भिजेल. तुमचं तसं नाही. म्हणून तुम्ही चारही वेळा वर जायचं. सामानासाठी खाली उतरायचं नाही. वाहत्या पाण्यात पाय घालायचा नाही. आईवडील हसले तरी त्यांचं ऐकायचं नाही. एवढंच."

ते खाली बसले. टाळ्या या वेळी कमी वाजल्या, पण मागच्या रांगेतला एक मुलगा शेजाऱ्याला हळूच विचारत होता, "तुमच्या घराला वरचा मजला आहे का रे?"

शाळा सुटायला अवकाश होता. ज्ञानदेव आणि यमुनाबाई रिक्षाने निघाले. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा यमुनाबाई म्हणाल्या, "चांगलं बोललात, दादा."

"यमुनाबाई, त्या फोनवर मी..."

"मी दुकानातच होते. डबा घेऊन गेले होते. फोन स्पीकरवर होता."

ज्ञानदेवांनी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. दिवाळीला, आनंदच्या नव्या फ्लॅटच्या पूजेला, प्रत्येक वर्षश्राद्धाला त्यांनी ज्ञानदेवांना मानाने पाटावर बसवलं होतं.

"मग पोरीला असं का सांगितलंत?"

"काय सांगायला हवं होतं?" यमुनाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दोघेही हसले, असं? मग त्या पोरांनी कुणाचं ऐकायचं? ह्यांचं आता काही बिघडत नाही. ह्यांनी ऐकलं नाही म्हटलं की पोरांना कळतं, आपण ऐकायचं."

रिक्षा सुरू झाली. भाजी घेऊन मार्केट यार्डातून आलेले टेंपो चढ चढत होते. यमुनाबाई बाहेर बघत होत्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "आता तिथे जे बोललात, वर जा, खाली उतरू नका, ते तेव्हाही माहीत होतं?"

"होतं."

"इतकं सोपं होतं ते?"

ज्ञानदेवांनी उत्तर शोधलं. कचेरीतून कुणा एका व्यक्तीला सल्ला द्यायचा नाही अशी शिस्त होती, हे खरं होतं. अंदाज चुकला तर भावाचा दिवसाचा धंदा बुडवला म्हणून तो वर्षभर चिडवेल, ही लाजही होती, आणि तीही खरीच. पण दोन्ही कारणं आता ओठावर आणायला फार लहान वाटली.

"हो," ते म्हणाले. "एवढंच होतं."

यमुनाबाईंनी मान हलवली. रागावल्या नव्हत्या. फक्त काहीतरी मोजून बाजूला ठेवल्यासारख्या दिसल्या. त्यांची सोसायटी आली तेव्हा उतरताना त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "वर या, चहा घ्या. अक्षता आल्यावर विचारेल, भाषण कसं झालं. तुम्हीच सांगा तिला."

ज्ञानदेव उतरले. जिना चढताना यमुनाबाई पुढे होत्या आणि दर मजल्यावर थांबून त्यांची वाट बघत होत्या.