ओळखीचं रक्त

हॉलच्या फरशीवर विज्ञानाच्या बाईंनी खडूने हृदय काढलं होतं. चांगलं चार कप्प्यांचं. आत अख्खी तुकडी निळे कागद घेऊन धावत होती. उजव्या कप्प्यांतून फुप्फुसांकडे जायचं, तिथे निळा देऊन लाल घ्यायचा, मग डाव्या कप्प्यांतून शरीरात सुटायचं. एक मुलगी ठेक्यात बाक बडवत होती.

"बाई, हे रक्ताभिसरण आहे की पळापळ?" दारातून हेडसर.

"रक्त पळतंच, सर."

झडपेच्या जागी पहिलवान उभा होता. तुकडीतला सगळ्यात रुंद मुलगा. रक्ताला पुढे सोडायचं, मागे नाही, एवढंच त्याचं काम. पण त्याच्या मित्राचा कागद मागच्या कप्प्यात पडला. पहिलवानाने इकडेतिकडे बघून मित्राला गुपचूप मागे सोडलं. सगळे हसले, बाईही हसल्या, आणि तेवढ्यात घंटा झाली.

शेजारच्या तुकडीला तोच धडा फळा-पुस्तकावर शिकवला होता. दोन्ही तुकड्यांची एकच चाचणी झाली. गुण जवळपास सारखे.

"सारखेच ना?" हेडसर म्हणाले. "मग हॉल टेबल टेनिसला देतो. निदान त्यात कप तरी येतो."

बाईंचा चेहरा उतरला. हॉल गेला की पुढचे सगळे धडे बाकावर. "सर, असे प्रयोग झालेत. लगेच फरक दिसतोच असं नाही. काही महिन्यांनी विचारलं तर दिसतो, आणि वाचताना अडखळणाऱ्या मुलांत जास्त. दिवाळीच्या सुट्टीनंतर न सांगता पुन्हा तीच चाचणी घेऊया. पेपर शेजारचे सर तपासतील."

"बघा हं. नाहीतर टेबल ठरलं."

सुट्टीनंतर शेजारचे सर पेपर घेऊन आले. "माझ्या मुलांनी धडा सुट्टीतच सोडून दिला. तुमच्या मुलांना बराच आठवतोय. ती मागच्या बाकावरची, दोन ओळी धड वाचत नाही, तिने सगळा मार्ग चित्र काढून दाखवलाय. फक्त झडपेचं उत्तर बघा."

बाईंनी पाहिलं. निम्म्या तुकडीने लिहिलं होतं: झडप रक्ताला मागे जाऊ देत नाही. ओळखीचं असेल तर देते.

हेडसरांनी ते मोठ्याने वाचलं, चष्मा काढला आणि पोट धरून हसले.

"हा तुमचा पुरावा?"

"हाही पुरावाच, सर. केलेलं राहतं. चुकीचं केलं तर चुकीचंही राहतं. तेव्हा थांबवायला हवं होतं, मी हसत बसले." मग पेपर गोळा करत बाई म्हणाल्या, "आणि दोन तुकड्यांवरून सगळं सिद्ध होत नाही. पुढच्या धड्याला उलट करू. नाटक शेजारच्या तुकडीला, फळा माझ्या."

"आणि हॉल?"

"तो तर लागेलच."

हेडसरांनी टेबल टेनिसची फाइल कपाटात टाकली. "आधी हे हृदय दुरुस्त करा. पहिलवानाला बदला."

"दुसरा रुंद कुणी नाही, सर."

दुसऱ्या दिवशी झडपेच्या जागी हेडसर हात पसरून उभे होते. पहिलवान निळा कागद घेऊन त्यांच्यापुढून गेला, दोन पावलांवर थांबला आणि लाडीगोडीने म्हणाला, "सर, कागद मागे राहिला."

"पुढे चल," झडप म्हणाली.