तीन कडांची काडी

पाणथळ जागेच्या सर्वेक्षणाचे फोटो सून आणि सासरे मिळून तपासत. सून सर्वेक्षणाच्या कार्यालयात नोकरीला होती. सासरे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. ते घरच्या टेबलाशी बसून रोपं ओळखत आणि ती नोंद करी. गवत कुठे संपतं आणि लव्हाळे किंवा त्यांच्यासारखीच दिसणारी, पण गोल काडीची रश ही वनस्पती कुठे सुरू होते, त्यावर पाणथळीची हद्द ठरायची होती.

"ही रश," सासरे म्हणाले. "काडी गोल, गुळगुळीत, पेरं नाहीत. पुढचा काढ."

सुनेनं फोटो हलवला नाही. गोल काडीवर उजेड हळूहळू सावलीत विरतो. इथे उजेड आणि सावली यांच्यामध्ये रेघ मारल्यासारखी सरळ धार होती.

"बाबा, कड दिसतेय. लव्हाळा असेल."

"सगळ्या लव्हाळ्यांची काडी तिधारी नसते आणि फोटोतली प्रत्येक रेघ म्हणजे कड नसते. पान बघ."

"पान बघूनच म्हणतेय. मधोमध घडी आहे, खालून शीर उंच आलीये. तीन दिशांना पानं फुटलीयेत. रशचं पान असं असतं का?"

सासरे म्हणाले, "हातात मिळालं असतं, तर बोटांत फिरवून सांगितलं असतं. फोटोत काय कप्पाळ कळणार!"

तिला वाटलं, मोठ्या माणसाला उगाच दुखावलं. तिनं मुकाट्यानं नोंदीत 'रश' लिहिलं. वातावरण निवळावं म्हणून तिनं अगदी सोपा फोटो काढला. गवताची काडी, ठसठशीत पेरं, चपट्या पानावर उभ्या रेषांचे कंगोरे. तिनं तो पडदाभर मोठा केला.

सासरे पुढे वाकले. नाक पडद्याला टेकायचं बाकी राहिलं.

"पेरं नाहीत," ते म्हणाले.

तिनं हळूच विचारलं, "बाबा, कधीपासून दिसत नाहीये?"

"दिसतं की. जरा धुकं असतं."

"घरात कुणाला सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर हे काम राहिलं असतं का माझ्याकडे?"

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत पिकत आलेला मोतीबिंदू दाखवला. तिचा नवरा घरभर चिडचिड करत फिरला. सुनेनं कार्यालयात खरं ते सांगितलं आणि हद्दीचा नकाशा थांबवून ठेवायला लावला. सासऱ्यांना ते आवडलं नाही. दोन्ही शस्त्रक्रिया होईपर्यंत ते तिच्याशी मोजकंच बोलत.

पट्ट्या निघाल्या, नवा चष्मा आला, तसे ते आपण होऊन टेबलाशी येऊन बसले. जुने फोटो एकेक करून पुढे सरकवू लागले आणि एकाएकी थांबले.

"ही काडी चक्क तिधारी आहे! रश कुठल्या गाढवानं लिहिलंय इथं?"

सून भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुम्हीच सांगितलंत, बाबा. मी फक्त लिहिलं."

सासरे शेजारची खुर्ची पुढे ओढून म्हणाले,

"ये इकडे. सगळे पहिल्यापासून काढ. आणि तुला वेगळं दिसलं, तर गप्प बसायचं नाही."