मापात आलेले ब्रेक

वर्कशॉपमागच्या मैदानात ट्रक उभा होता, म्हणजे त्यातला जेवढा उरला होता तेवढा. अपघाताची तपासणी करणारे साहेब हातात मोजपट्टी घेऊन खालून सरकत बाहेर आले. मिस्त्रीनं कॉम्प्रेसरची हवा जोडून दिली होती, त्यामुळे ब्रेक दाबून प्रत्येक चाकामागचा रॉड किती बाहेर येतो त्याची मापं घेता आली होती.

"पुढचे दोन ढिले आहेत. मागचे चारही मात्र बरोबर मापात," साहेब म्हणाले. "ज्यानं लावले त्याचा हात चांगला आहे."

ड्रायव्हरची बायको डब्यावर बसून ऐकत होती. कपाळावर पट्टी होती. नवऱ्याला जाऊन अकरा दिवस झाले होते आणि या अकरा दिवसांत तिला रडू म्हणून आलं नव्हतं. आत सगळं सुन्न होतं, झोपेत हातावर डोकं ठेवलं की हात बधिर होतो ना, अगदी तसं.

"पुढचे ह्यांनाच ढिले लागायचे," ती म्हणाली. "दाबले की स्टिअरिंग ओढतं म्हणायचे."

"आणि गिअर न्यूट्रलमध्ये सापडला. एक्झॉस्ट ब्रेकची झडप काजळीनं चिकटलेली. म्हणजे इंजिनाचा आधार नाही, डिझेल वाचवायला गाडी मोकळी सोडलेली, आणि नुसत्या पायावर उतार." साहेबांनी कागद पुढे ओढला. "चूक चालकाची. वाईट वाटतं, मावशी, पण असंच दिसतंय."

बारा वर्षं ती त्या गाडीत बसली होती. नवऱ्याचे गुडघे गेले तेव्हापासून ब्रेक तीच मापात लावायची. गाडीखाली सरपटायचं, पाना अडकवायचा, ब्रेकचा लायनर चाकाच्या ड्रमला टेकेपर्यंत नट फिरवायचा आणि मग अर्धा फेरा मागे. इतर ड्रायव्हर चेष्टा करायचे, "काय हो, मालक वर आणि मालकीणबाई खाली!" नवरा हसून म्हणायचा, "खालचं खातं तिच्याकडे आहे, अर्ज तिकडे द्या." त्या काळातली ती हसणारी तोंडं अजून तिच्या डोळ्यांपुढे येत. या अकरा दिवसांत मात्र ती येत, पण आवाज येत नसे.

"न्यूट्रलवर सोडली नव्हती," ती म्हणाली. "तिसऱ्यात उतरत होते. ब्रेक लागेनात तेव्हा दुसरा टाकायला गेले. तिसरा निघाला, पण वेग एवढा की दुसरा बसेचना. गिअरचा नुसता करकर आवाज."

"पण मग ब्रेक का लागले नाहीत? मापात तर आहेत."

हे नसतं सांगितलं तरी चाललं असतं. कुणाला कळलं नसतं. पण मग कागदावर नवरा कायमचा डिझेल वाचवायला गाडी मोकळी सोडणारा ड्रायव्हर झाला असता.

"आता मापात आहेत," ती म्हणाली. "आधीचा घाट उतरून आम्ही थांबलो. हे झोपले. मी ब्रेक दाबलेला राहावा म्हणून पेडलला लाकूड अडकवून खाली गेले, तर मागच्या चारीचे रॉड फार बाहेर येत होते. मला वाटलं, ढिले झाले. चाकांना दगड लावले, पेडल आणि हँडब्रेक सोडून ब्रेक ओढून घेतले. अर्धा फेरा सोडला होता. पण ड्रम तापलेले होते, साहेब. नुसतं बोट टेकवलं तरी भाजत होतं."

मिस्त्री जागच्या जागी थबकला. "तापला की ड्रम फुगतो, वहिनी. गार झाला की..."

"आवळतो. मला ठाऊक आहे. ह्यांनीच शिकवलं होतं, गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही. मला वाटलं, उठायच्या आत करून टाकू. पुढे सपाटीवर ड्रम गार होऊन आवळले, चारी चाकांचे ब्रेक घासतच चालले असणार. जळका वास आला, तर हे म्हणाले, पुढच्या गाडीचा असेल. दुसऱ्या घाटाच्या तोंडाशी पोचलो तेव्हाच ड्रम कढत होते, मग उतारावर ब्रेक कुठून लागणार?"

साहेब पुन्हा खाली वाकले. मागचा ड्रम निळा पडला होता, त्यावर बारीक चिरा होत्या. लायनर काचेसारखे चकाकत होते आणि झिजून पातळ झाले होते.

"म्हणजे उतारावर लायनर जळून इतके झिजले, की तुम्ही जास्त आवळलेलं अंतर आपोआप सुटलं," ते हळूच म्हणाले. "म्हणून मला माप बरोबर मिळालं."

"वहिनी, कशाला?" मिस्त्री कुजबुजला. "आता कोण विचारतंय?"

"झडप ह्यांनी दुरुस्त करून घेतली नाही, पुढचे ढिले ठेवले, ते ह्यांचं लिहा," ती साहेबांना म्हणाली. "माझं माझ्या नावावर लिहा."

साहेबांनी बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं: "ड्रम गरम असताना पत्नीच्या मदतीने ब्रेक..."

"मदत नाही," ती म्हणाली. "ते झोपले होते. मी लावले."

त्यांनी ते शब्द खोडले आणि वर नवे लिहिले. तिनं कागद मांडीवर घेतला, एकदा सावकाश वाचला आणि सही केली. मग मिस्त्रीला विचारलं, घरी जायला बस किती वाजता आहे.